मुला-मुलींच्या एकत्र वर्गाला टॅग रग्बी शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीटीच्या तासाला टॅग रग्बी सुरू करणाऱ्या शिक्षकांना साधारण हेच प्रश्न पडतात. उत्तरं दहा ते तेरा वर्षांच्या, मुलं-मुली एकत्र असलेल्या वर्गाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. वर्गातल्या कोणीही आधी रग्बी पाहिलेली नाही, असं धरून चला. बहुतेक वेळा ते खरंच असतं.

टॅग रग्बीत नेमकं काय होतं?

रग्बीतला टॅकल, म्हणजे बॉलवाल्याला धरून खाली पाडणं, काढून टाकला की जे उरतं, ते टॅग रग्बी. प्रत्येक खेळाडूच्या कमरेला पट्टा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वेलक्रोने चिकटवलेली एकेक लांब पट्टी, म्हणजे टॅग. बॉल ज्याच्या हातात आहे त्याचा एक टॅग ओढून काढला की तो ‘पकडला’ गेला. त्याला लगेच पास द्यावा लागतो. पास सरळ बाजूला किंवा मागे, पुढे नाही. बॉल घेऊन समोरच्या संघाची रेषा ओलांडायची आणि तो जमिनीवर टेकवायचा, की ट्राय. बॉल लाथेने मारायचा नाही, कोणाला धरायचं नाही, ढकलायचं नाही, हाताने अडवायचं नाही.

न्यूझीलंडमध्ये लहान मुलांसाठी हाच प्रकार ‘रिपा रग्बी’ नावाने खेळतात. नियमांत देशागणिक थोडा फरक सापडेल, पण पट्टा, मागचा पास आणि धक्का न लागणं या तीन गोष्टी सगळीकडे सारख्या.

पट्टे वाटतानाच दहा मिनिटं जातात. काय करावं?

पट्टे ठेवतानाच टॅग लावून, बकल बंद करून, एका संघाचे एकत्र गुंफून ठेवा. पुढच्या तासाला गट-नायकाने फक्त आपली माळ उचलायची. एका संघाचे टॅग एका रंगाचे, दुसऱ्याचे दुसऱ्या. म्हणजे जॅकेटं वाटायचं एक काम वाचतं.

पट्टा घालताना चार गोष्टी पाहायच्या. शर्ट आत खोचलेला हवा, कारण बाहेर लोंबणाऱ्या शर्टाखाली टॅग लपतो आणि मग बचाव करणाऱ्याच्या हातात टॅगऐवजी कापड येतं. पट्टा शर्टाच्या वर, कंबरेला घट्ट. टॅग दोन्ही कुल्ह्यांवर, पोटावर किंवा पाठीवर नाही. आणि पट्ट्याचं उरलेलं टोक आत खोचलेलं, कारण ते लोंबत राहिलं की कोणीतरी टॅग समजून तेच ओढतो आणि आख्खा पट्टा फिरतो.

पट्टा सैल असेल तर दोन-तीन वेळा टॅग निघाल्यावर तो गोल फिरतो आणि एक टॅग पोटावर येतो. हे दिसलं की खेळ थांबवा. यात दुरुस्तीपेक्षा मोठा मुद्दा आहे: टॅग कुल्ह्यावर असेल तरच हात बाजूने येतो. तो पोटावर आला की समोरचा सरळ छातीवर धावत येतो.

वेलक्रो नीट धरत नाही.

बहुतेक वेळा तो खराब झालेला नसतो, त्यात गवत आणि धागे अडकलेले असतात. जुन्या टूथब्रशने घासून काढा. उलटही होतं: नवा वेलक्रो इतका घट्ट असतो की लहान मुलांना टॅग ओढता ओढता पुढचा खेळाडू खेचला जातो. अशा पट्ट्यांचे टॅग वापरण्याआधी हाताने वीस-पंचवीस वेळा लावून-काढून घ्या.

पट्टे अजिबात नसतील तर सारख्या लांबीच्या कापडी पट्ट्या पॅंटच्या कमरेत दोन्ही बाजूंना खोचून चालतं. गाठ मारायची नाही, आणि निदान एक वीत तरी बाहेर लोंबायला हवी.

टॅग काढल्यानंतर काय काय होतं, क्रमाने सांगाल का?

टॅग काढणाऱ्याने जागीच थांबायचं, हात वर करून टॅग दाखवायचा आणि ‘टॅग!’ असं ओरडायचं. बॉलवाल्याने तीन पावलांत थांबत पास द्यायचा. मग टॅग काढणाऱ्याने तो त्याच्या हातात परत द्यायचा. टॅग परत दिल्याशिवाय बचाव करणारा खेळात नाही, आणि तो पट्ट्याला लावल्याशिवाय ज्याचा निघाला तोही खेळात नाही.

पहिल्या तासाला याच क्रमाचा गोंधळ होतो. टॅग काढला की जमिनीवर फेकून पुढच्या माणसामागे धावायचं, ही प्रत्येक वर्गाची पहिली प्रतिक्रिया. हे चालू दिलं तर मैदानभर टॅग पडतात आणि अर्धा संघ एका टॅगवर खेळत राहतो. टॅग फेकला की समोरच्या संघाला फ्री पास, म्हणजे कोणी न अडवता पास देऊन खेळ पुन्हा सुरू करायची संधी, एवढी एकच शिक्षा ठेवा. दोन-तीन वेळा मिळाली की सवय लागते. हातात परत देण्याचा आणखी एक फायदा असा, की बचाव करणारा क्षणभर खेळाबाहेर जातो. त्या क्षणी बचावात एक माणूस कमी असतो. आक्रमण करणाऱ्या संघाला ही गोष्ट कळली की पास आपोआप लवकर सुटायला लागतो.

टॅग झाला त्या क्षणी ऑफसाइडची रेषाही तयार होते. बचाव करणाऱ्या संघाने बॉलच्या मागे, म्हणजे आपल्या ट्राय-रेषेच्या बाजूला परतायचं. पुढे उभं राहून तो पास अडवायचा नाही. सुरुवातीला एवढाच ऑफसाइड पुरे.

‘मागे पास’ सांगितलं की मुलं थांबतात, वळतात आणि मग टाकतात. का?

कारण आपण चुकीच्या माणसाला शिकवत असतो. आपलं सगळं लक्ष पास देणाऱ्यावर असतं: हात असे धर, असा फिरव. पण मागचा पास बिघडतो तो बहुतेक वेळा घेणाऱ्यामुळे. तो पास देणाऱ्याच्या शेजारी, एका रेषेत, कधी चार पावलं पुढेच उभा असतो. देणारा थांबतो आणि वळतो, कारण मागे कोणीच नसतं.

एक हिशोब करून पाहा. जोडीदार अगदी बरोबरीने धावत असेल तर पास शंभर टक्के आडवा जायला हवा. हात जरा चुकला की पास पुढे. तोच जोडीदार दोन मीटर मागे असेल तर पास थोडा पुढे भरकटला तरी तो कायदेशीर राहतो, आणि घेणारा धावत त्यावर येऊ शकतो. ही मागची जागा म्हणजे नवशिक्याच्या हाताला दिलेली सूट आहे. म्हणून पहिल्या दोन तासांत पास देण्याच्या तंत्रावर मी फार बोलत नाही. उभं कुठे राहायचं, यावर बोलतो.

जोडीदाराला सांगायची खूण सोपी आहे: ‘तुला त्याची पाठ दिसते का?’ पाठीवर आकडे असलेली जॅकेटं असतील तर आणखी चांगलं. आकडा वाचता आला पाहिजे. फक्त कान किंवा गाल दिसत असेल तर तू फार पुढे आहेस. अंतर साधारण तीन मीटर बाजूला आणि दोन मीटर मागे. हात बॉलच्या दिशेने पुढे, बोटं पसरलेली. आणि धावणं सुरू असतानाच बॉल घ्यायचा, उभं राहून नाही.

पास देणाऱ्याला तीनच सूचना पुरतात: बॉल दोन्ही हातांत, पाहा घेणाऱ्याच्या हातांकडे, आणि घड्याळाच्या लंबकासारखे दोन्ही हात कमरेसमोरून झुलवत त्याच्याकडे थांबवा. पाय चालूच राहिले पाहिजेत. छाती वळवावी लागत असेल तर जोडीदार फार मागे आहे.

पास दिल्यावर दिलेल्याने काय करायचं, हे कोणी सांगत नाही आणि तिथेच पुढची अडचण होते. पास सुटला त्या क्षणी तो बॉलच्या पुढे असतो, म्हणजे त्याला पास देता येत नाही. त्याने थांबून नव्या बॉलवाल्याच्या मागे वळसा घालून यायचं. ‘पास दे, मागे ये’ हे दोन शब्द-जोड एका दमात म्हणायची सवय वर्गाला लावा.

पास पुढे गेला की नाही, हे नक्की कसं ठरवायचं? सारखे वाद होतात.

हात पाहा, जमीन पाहू नका. वर्ल्ड रग्बी या रग्बीच्या जागतिक संघटनेच्या नियमात पुढचा पास म्हणजे पास देणाऱ्याचे हात समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेकडे हलणं. बॉल जमिनीच्या हिशोबाने कुठे पडला, ही वेगळी गोष्ट आहे.

समजा मुलगी सेकंदाला 5 मीटर वेगाने धावतेय. तिने बॉल हाताने सेकंदाला 2 मीटर वेगाने मागच्या दिशेला सोडला आणि तो अर्धा सेकंद हवेत राहिला. तिचा धावण्याचा वेग बॉललाही असतोच. म्हणून जमिनीवरून पाहता बॉल सेकंदाला 3 मीटरने पुढेच जातो, अर्ध्या सेकंदात दीड मीटर. तेवढ्या वेळात मुलगी स्वतः अडीच मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे बॉल तिच्या मागे एक मीटर पकडला गेला, आणि तरीही तो जिथे सुटला त्या जागेच्या दीड मीटर पुढे आहे. कडेला बसलेली मुलं ‘फॉरवर्ड!’ असं ओरडणारच. पास बरोबर आहे.

ती पास देऊन जागीच थांबली तर बॉल तिच्या पुढे निघून गेल्यासारखा दिसतो आणि वाद वाढतो. म्हणूनही पास देताना पाय चालू ठेवायला सांगा. सुरुवातीच्या तासांत संशय आला तर खेळ चालू द्या; पुढे उभ्या माणसाला सरळ सरळ दिलेला पास तेवढा पकडा.

धक्के कोणाच्या चुकीने लागतात?

दोघांच्याही. पण शिकवताना जास्त लक्ष बचाव करणाऱ्याच्या धावण्याच्या रेषेवर द्या, कारण ती जास्त बदलता येते.

समोरासमोर आलात तर दोघांचे वेग मिळतात: पाच आणि तीन, म्हणजे सेकंदाला आठ मीटरने तुम्ही एकमेकांकडे जाताय. बाजूने, त्याच दिशेला धावत गेलात तर फरक फक्त एक-दोन मीटरचा उरतो. टॅग काढायला वेळ मिळतो आणि लागलं तरी खांद्याला खांदा घासतो, डोक्याला डोकं नाही. म्हणून बचाव करणाऱ्याने समोर येऊन उभं राहायचं नाही. तिरकं येऊन, शेवटची दोन पावलं लहान करून, बॉलवाल्याच्या बाजूला वळायचं आणि जवळच्या हाताने जवळच्या कुल्ह्यावरचा टॅग घ्यायचा. नजर पट्ट्यावर. बॉलकडे आणि डोळ्यांकडे पाहणारा फसतो. कंबर सहसा खोटं बोलत नाही.

बॉलवाल्याचीही जबाबदारी आहे: मोकळ्या जागेत धावायचं, माणसावर नाही. समोरचा थांबलेला असताना तुम्ही त्याच्या अंगावर गेलात तर फ्री पास त्याला. टॅगवर हात ठेवून झाकायचा नाही, समोरच्याचा हात झटकायचा नाही. बॉल दोन्ही हातांत धरायची सक्ती केली की यातलं अर्धं आपोआप बंद होतं, कारण झटकायला हातच मोकळा राहत नाही. गोल गिरक्या घेणंही आमच्याकडे बंद आहे. मुलांना हे आवडत नाही, पण गिरकीत कोपर नेमकं समोरच्याच्या तोंडाच्या उंचीला येतं.

सगळ्यात वाईट टक्कर मात्र बॉलवाल्याशी होत नाही. दोन बचावपटू दोन बाजूंनी एकाच टॅगसाठी वाकतात आणि त्यांचीच डोकी आपटतात. त्यावर उपाय एकच: आवाज. आतल्या बाजूचा, म्हणजे मैदानाच्या मधल्या बाजूचा, ‘माझा!’ म्हणतो आणि जातो. दुसरा थांबून पुढच्या पासची वाट पाहतो. पहिल्या तासापासून हे लावा, नंतर लागत नाही.

धावण्याच्या रेषा शिकवायला एखादा सराव सविस्तर सांगा.

दोघांविरुद्ध एक. बाकी सगळं यातच आहे.

दहा मीटर रुंद, पंधरा मीटर लांब पट्टा आखा, चार कोपऱ्यांत खुणेचे प्लॅस्टिकचे कोन. एका टोकाला डावीकडे बॉलवाला, उजवीकडे जोडीदार. दुसऱ्या टोकाला मधोमध एक बचाव करणारा. शिट्टी वाजली की तिघेही निघतात.

पहिल्या प्रयत्नात बहुतेक वेळा असं होतं: बॉलवाला सरळ निघतो, समोर माणूस दिसला की उजवीकडे झुकतो, म्हणजे जोडीदाराच्याच दिशेने. जोडीदार रेषेकडे ढकलला जातो, जागा संपते आणि बचाव करणारा दोघांनाही एकटा सांभाळतो. हे दिसलं की थांबवून विचारा: ‘तू कुठे धावलास? जागा कुठे होती?’

बॉलवाल्याची बरोबर रेषा म्हणजे सरळ, आणि जरा डावीकडे, जोडीदारापासून दूर. बचाव करणाऱ्याच्या छातीवर नाही, त्याच्या बाहेरच्या खांद्याशेजारून निघेल अशी. बचाव करणाऱ्याला त्याच्याकडे वळावंच लागतं, कारण न वळल्यास बॉलवाला ट्राय करेल. तो वळला की उजवीकडची जागा उघडते. जोडीदार तीन मीटर बाजूला, दोन मीटर मागे, आता वेग वाढवत येतोय. पास जातो, आणि जोडीदार मोकळा.

पास कधी द्यायचा, यावर सगळा सराव अडतो. ‘अगदी जवळ आल्यावर दे’ असं सांगितलं तर मुलं दोन मीटरवर देतात. दोघं मिळून सेकंदाला आठ मीटरने जवळ येत असतील तर दोन मीटर म्हणजे पाव सेकंद. त्यात हात झुलवून होतच नाही, टॅग जातो. चार मीटरवर अर्धा सेकंद मिळतो. म्हणून बचाव करणाऱ्याच्या सुरुवातीच्या जागेच्या सात-आठ मीटर अलीकडे, मैदानाच्या मध्याजवळ, एक वेगळ्या रंगाचा कोन ठेवा आणि पास त्याच्या आसपास सुटला पाहिजे असं सांगा. बचाव करणारा पुढे येत असल्यामुळे तिथे पोचेपर्यंत अंतर सहसा तीन-चार मीटर उरतं. नसेल उरत तर कोन पुढे-मागे सरकवा.

पास लवकर गेला की उशिरा, हे बॉलवाल्याला विचारू नका. त्याला ते कळत नाही. पास सुटताना बचाव करणाऱ्याचे पाय कुठे वळले होते, ते पाहा. पाय अजून मधोमध किंवा जोडीदाराकडे असतील, तर पास लवकर गेला. तो सहज सरकून जोडीदाराला गाठेल. पाय बॉलवाल्याकडे वळलेले असतील तर वेळ बरोबर. हातात टॅग असेल तर उशीर. कडेला उभ्या मुलांना हेच पाहायचं काम द्या: ‘पाय कुणाकडे होते?’ मग थांबलेल्यांचाही तास होतो.

हे सात-आठ वेळा नीट झालं की बाजू बदला. डावीकडचा पास आणि उजवीकडचा पास या मुलांसाठी दोन वेगळ्या गोष्टी असतात. मग तिघांविरुद्ध दोन.

मुलं कमरेला हात लावतील म्हणून काही मुली खेळायला तयार नसतात.

हा आक्षेप अगदी योग्य आहे, त्याला लाजरेपणा म्हणून बाजूला टाकू नका. काही मुलांनाही हेच वाटतं, ते बोलत नाहीत इतकंच.

लांब टॅग वापरा. टोक पकडलं तर हात शरीराला लागायचं कारणच राहत नाही. ‘टॅगचं टोक पकड’ हे शब्द मुद्दाम वापरा, ‘कमरेवरचा टॅग’ नाही. टॅग सोडून शर्ट, पट्टा किंवा अंगाला हात लागला की प्रत्येक वेळी फ्री पास, चुकून लागला तरी. हे सगळ्यांसमोर, पहिल्याच दिवशी, साध्या शब्दांत सांगा. पट्टा ज्याने-त्याने स्वतः घालायचा, शिक्षकाने नाही, मैत्रिणीने नीट करून दिला तर चालेल.

एकास-एक सरावात पहिले एक-दोन तास जोडी स्वतः निवडू द्या. त्यानंतर बहुतेक ठिकाणी हा प्रश्न उरत नाही, कारण टॅग ओढण्याची गंमत पुढे येते. ज्यांना तरीही नको असेल त्यांना पंच म्हणून पावलं मोजायला द्या. ते खरं काम आहे.

जोरात धावणारी दोन मुलं सगळ्यांना हरवतात, बाकीचे बघत बसतात. काही नियम?

‘प्रत्येकाने बॉलला हात लावल्याशिवाय ट्राय नाही’ हा नियम सगळ्यात लोकप्रिय आहे आणि माझ्या मते सगळ्यात निरुपयोगी. त्याने पास वाढतात, पण खोटे पास: जोरात धावणारा थांबतो, शेजारच्याला बॉल देतो, लगेच परत घेतो आणि धावतो. ‘मुलीनेच ट्राय करायचा’ किंवा ‘मुलीचा ट्राय दोन गुणांचा’ हे नियमही नकोत. त्यात मुलगी खेळाडू राहत नाही, गुण वाढवायचं साधन होते, आणि वर्गात सर्वात वेगाने धावणारी मुलगीच असेल तर नियम हास्यास्पद होतो.

त्याऐवजी दोन गोष्टी करा. सरावाच्या जोड्या वेगाने लावा, उंचीने किंवा मुलगा-मुलगी अशा नाही: वर्गाला एकदा तीस मीटर धावायला लावा, पोचल्याच्या क्रमाने ओळ करा आणि शेजारच्या शेजारी जोडी. सामन्यासाठी मात्र हीच ओळ संघांत वाटून टाका, म्हणजे प्रत्येक संघात एक-दोन वेगवान येतात. दुसरं, संघ लहान ठेवा. पाच-पाच जणांत लपायला जागा नसते.

तरीही एखादा सगळ्यांना चुकवत असेल तर टॅग निघाल्यावर त्याने पास दिलेल्या माणसाने परत त्यालाच पास द्यायचा नाही, एवढा नियम पुरतो. बाकी त्याला वेगाबद्दल शिक्षा करू नका.

तीस मुलं, एक मैदान, चाळीस मिनिटं. सामना कसा लावायचा?

पाच-पाच जणांचे सहा संघ, तीन छोटी मैदानं. प्रत्येक साधारण वीस मीटर रुंद, तीस मीटर लांब. मैदानं आडवी एकमेकांशेजारी ठेवा आणि मध्ये दोन-तीन मीटरची मोकळी पट्टी सोडा, नाहीतर एका मैदानावरचा बाहेर धावत जाणारा दुसऱ्या मैदानावरच्याला धडकतो. ट्राय-रेषेच्या मागे पाच मीटर मोकळं हवं. तिथे भिंत किंवा खांब असेल तर रेषा आत ओढा, मैदान लहान झालं तरी चालेल. ट्राय उभ्यानेच: वाकून दोन्ही हातांनी बॉल टेकवायचा, उडी किंवा सूर मारला तर ट्राय नाही.

एकाच शिक्षकाने तीन सामने पाहणं शक्य नाही, त्यामुळे प्रत्येक मैदानावर एक मूल पंच. पट्टे कमी असतील तर आणखी सोपं: दोन मैदानांवर खेळ, उरलेले दोन संघ पंच आणि दोघांविरुद्ध एकचा सराव, दर सात मिनिटांनी अदलाबदल.

टॅगची मर्यादा सहा ठेवा, म्हणजे सहा टॅग झाले आणि ट्राय नाही तर बॉल समोरच्यांना. नव्या वर्गाला सुरुवातीला चार टॅग बरे. बॉल लवकर इकडून तिकडे जातो आणि दोन्ही संघांना सारखं खेळायला मिळतं. फ्री पास घेताना समोरचा संघ पाच मीटर मागे, आणि घेणाऱ्याने पासच द्यायचा, बॉल घेऊन धावायचं नाही.

बॉल हातातून निसटला तर?

मागे पडला तर खेळ चालू. पुढे पडला तर तो नॉक-ऑन, समोरच्यांना फ्री पास. पडलेल्या बॉलवर झेप घ्यायची नाही. उभ्याने वाकून उचलायचा. तीन-चार जण एकदम वाकताना दिसले तर शिट्टी वाजवा आणि ज्या संघाकडे बॉल नव्हता त्याला द्या. नियमाच्या दृष्टीने थोडं कडक आहे, पण डोकी वाचतात.

बॉल कोणता?

नऊ वर्षांपर्यंत तीन नंबरचा, दहा ते चौदा वयासाठी चार नंबरचा. पहिल्या तासाला बॉल घसरतो म्हणून रडारड झाली तर कोणताही मऊ गोल बॉल घ्या आणि धावण्याच्या रेषा आधी बसवा. लांबट बॉल नंतरही येतो.

व्हीलचेअर वापरणारं किंवा ऐकू न येणारं मूल वर्गात असेल तर?

व्हीलचेअरच्या दोन्ही बाजूंना, पाठीजवळ, टॅग अडकवता येतात. मैदान सपाट आणि कडक हवं, आणि चेअरच्या दोन्ही बाजूंना इतरांनी हाताचं अंतर ठेवायचं. हा नियम चेअरवरच्या मुलालाही तितकाच लागू. पावलांऐवजी त्याच्यासाठी ‘दोन ढकलण्यांत पास’ मोजा. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी टॅग वर धरण्याची खूण आधीच आहे. पंचाने शिट्टीबरोबर हातही वर करायचा, आणि ‘माझा!’साठी बचाव करणाऱ्याने छातीवर हात ठेवायचा. ती खूण मग सगळा वर्गच वापरायला लागतो.

पहिला सामना कितव्या तासाला?

पहिल्याच तासाच्या शेवटी, दहा मिनिटं, फक्त टॅग आणि मागचा पास एवढ्या दोन नियमांवर. सामना न खेळता तीन तास पास करत राहिलेला वर्ग पासच करत राहतो, धावत नाही. तीन पावलांचा नियम, ऑफसाइड, टॅगची मर्यादा हे पुढच्या तासांत एकेक करून घाला, आणि तेही मैदानावर अडचण दिसल्यावर. मुलांनी स्वतः ‘सर, हा आमच्या बाजूला उभा राहून पास अडवतो’ अशी तक्रार केली, की ऑफसाइड शिकवायची वेळ आली.